स्वस्त चॅट, महाग ऑर्डर: पडदे शिवणाऱ्या एका व्यवसायाच्या चॅट-जाहिरातींचा आठ आठवड्यांचा हिशेब

मापानुसार खिडक्यांचे पडदे शिवून देणारा तीन माणसांचा व्यवसाय. मालकीणबाई स्वतः कापड निवडतात आणि भाव काढतात, एक कारागीर शिवतो आणि बसवून देतो, तिसऱ्या बाई हिशेब आणि फोन सांभाळतात. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर त्यांच्या दोन जाहिराती चालू होत्या. बटण दाबलं की थेट व्हॉट्सअ‍ॅप उघडायचं. माझ्याकडे हे काम आलं तेव्हा मालकीणबाईंचा प्रश्न अगदी सरळ होता: "दोनातली ब बंद करूया ना? तिचं एक चॅट दुप्पट महाग पडतं."

रकमा मी चलनात देत नाही. आठवड्याचा जाहिरातीचा एकूण खर्च १०० धरला आहे, आणि पुढच्या सगळ्या रकमा त्याच मापात आहेत. दोन्ही जाहिरातींवर निम्मा-निम्मा खर्च होत होता. अ मध्ये तयार पडद्यांचा फोटो होता आणि त्यावर मोठ्या अक्षरांत सूट लिहिलेली. ब म्हणजे वीस सेकंदांचा व्हिडिओ: टेपने खिडकीचं माप घेतलं जातंय, कापड कापलं जातंय, शेवटी पडदा बसतोय. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती जिथून चालवतात त्या अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये दोन आठवड्यांचे आकडे असे होते: अ ची ११२ चॅट, ब ची ५६. म्हणजे अ चं एक चॅट सुमारे ०.९ ला आणि ब चं १.८ ला. मालकीणबाईंचा प्रश्न या आकड्यांवरून अगदी रास्त होता. पण यातल्या ऑर्डरी किती, असं विचारल्यावर "दहा-बारा असतील" एवढंच उत्तर मिळालं. कोणती ऑर्डर कुठल्या जाहिरातीची, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

म्हणून आधी दोन दिवस बसून १६८ चॅट एकेक करून वाचली. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळून चालत नाही.

पहिली गोष्ट दिसली ती ही, की १६८ पैकी २७ जण नवे नव्हतेच. कुणी जुनं गिऱ्हाईक होतं, एक तर कापड पुरवणारा होता. अ‍ॅड्स मॅनेजर त्यांना का मोजतो? तिथे `Messaging conversations started` या नावाने जो आकडा दिसतो, त्यात किमान ७ दिवस शांत असलेला संवाद जाहिरातीतून पुन्हा सुरू झाला तरी तो नवा धरला जातो. गेल्या महिन्यात पडदे नेलेल्या बाईंनी जाहिरात पाहून "शिलाई उसवलीय" असं लिहिलं, तरी जाहिरातीच्या खात्यात एक चॅट जमा. आकडा खोटा नाही, तो फक्त वेगळंच काही मोजतो. खरी नवी चॅट १४१ होती.

दुसरी गोष्ट वेळेची. प्रत्येक चॅटमध्ये गिऱ्हाइकाचा पहिला मेसेज किती वाजता आला आणि माणसाने लिहिलेलं पहिलं उत्तर किती वाजता गेलं, हे लिहून काढलं. "माणसाने लिहिलेलं" हे इथे फार महत्त्वाचं आहे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस अ‍ॅपमध्ये स्वागताचा मेसेज आपोआप जातो, त्यामुळे फोनवर चॅट उघडलं की काहीतरी उत्तर गेलेलं दिसतं आणि सगळ्यांना वाटतं, झालं काम. इथे तेच होत होतं. "धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू" हा मेसेज दोन सेकंदांत जायचा, आणि खरं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

१४१ पैकी ३४ जणांना दहा मिनिटांत उत्तर मिळालं होतं. त्यातल्या २३ जणांनी पुढे काहीतरी लिहिलं. ४५ जणांना त्याच दिवशी पण उशिरा उत्तर गेलं, त्यातले १७ बोलले. उरलेल्या ६२ जणांना दुसऱ्या दिवशी किंवा त्याहून उशिरा उत्तर गेलं. बोलले फक्त ११. चॅट-जाहिरातीवरून आलेला माणूस फॉर्म भरून वाट पाहणारा माणूस नसतो. त्याने हातात फोन असताना, दुसरंच काहीतरी बघता बघता बटण दाबलेलं असतं. त्याच्या डोक्यात खिडकीचा विचार चार-पाच मिनिटं टिकतो. सकाळी आपलं उत्तर पोचतं तेव्हा तो कामाच्या गडबडीत असतो, आणि रात्री स्वतः काय विचारलं होतं हेही त्याला धड आठवत नाही.

एक रात्रीचं चॅट जसंच्या तसं सांगतो. ९ वाजून १२ मिनिटांनी एका बाईंचा मेसेज: "नमस्कार, माहिती हवी आहे." लगेच स्वयंचलित धन्यवाद. ९ वाजून १४ मिनिटांनी त्यांनीच पुन्हा लिहिलं: "हॉलची मोठी खिडकी आहे, ऊन फार येतं." दुसऱ्या दिवशी १० वाजून ४० मिनिटांनी आपल्याकडून ३८ पानांचा कॅटलॉग गेला, खाली "यातलं आवडलेलं कळवा". बाईंनी तो उघडलासुद्धा नाही. त्यांनी आपणहून अडचण सांगितली होती, उन्हाची. त्यावर एक शब्दही कुणी बोललं नाही. हे चॅट वाचून मालकीणबाई बराच वेळ गप्प होत्या.

आता बदल. पहिला बदल वेळेचा. नव्या १४१ पैकी ५२ चॅट रात्री ८ ते ११ या वेळेत आलेली होती, आणि नेमका तेव्हा फोन दुकानाच्या ड्रॉवरमध्ये असायचा. दोन वाटा होत्या: रात्री जाहिरात बंद ठेवायची, किंवा रात्री माणूस बसवायचा. जाहिरातीला रोजच्या बजेटऐवजी पूर्ण मुदतीचं एकूण बजेट दिलं तर ती ठराविक तासांतच चालवता येते. पण लोकांना खिडकीकडे बघायला वेळच रात्री मिळत असेल तर ती वेळ सोडणं म्हणजे चांगलं गिऱ्हाईक सोडणं. म्हणून दुसरी वाट धरली. बिझनेस अ‍ॅप मुख्य फोनशिवाय आणखी चार उपकरणांना जोडता येतं. हिशेब सांभाळणाऱ्या बाईंच्या घरच्या लॅपटॉपवर ते जोडलं, त्यांची रात्री साडेदहापर्यंतची पाळी ठरली, आणि सकाळी त्या दोन तास उशिरा येऊ लागल्या. रात्री दहाला जाहिरात थांबायची. दहानंतर चुकून आलेल्यांना जाणारा मेसेज बदलून "आता आम्ही बंद आहोत, सकाळी साडेनऊला उत्तर देतो" असा नेमकी वेळ सांगणारा केला. आणि एक नियम: त्या-त्या वेळी चॅटची जबाबदारी एकाच माणसाची. "कुणीतरी बघेल" या भरवशावर तिघांच्या हातात फोन असला तर उत्तर उशिराच जातं, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे.

दुसरा बदल पहिल्या उत्तराचा. कॅटलॉग पाठवणं बंद. त्याऐवजी एकच प्रश्न, आणि तोही असा की माणूस उभ्या उभ्या उत्तर देऊ शकेल: "किती खिडक्यांना पडदे हवेत? माप माहीत नसेल तर खिडकीचा समोरून एक फोटो पाठवा, आम्ही अंदाजे भाव सांगतो." हे वाक्य झटपट उत्तरांमध्ये साठवलं, `/` टाइप करून त्याचं छोटं नाव लिहिलं की पूर्ण मजकूर येतो. पण बजावून सांगितलं की समोरच्याने आधीच काही सांगितलं असेल, तर त्याला धरून एक ओळ हाताने लिहायची आणि मगच हा प्रश्न. त्या ऊन येणाऱ्या खिडकीच्या बाईंना तेव्हा "ऊन अडवायचं असेल तर अस्तराचा पडदा लागेल, खिडकीचा फोटो पाठवाल का?" एवढं गेलं असतं तरी पुष्कळ होतं. भावही लपवायचा नाही. "भाव किती?" असं विचारणाऱ्याला "माप सांगा" असं उलट विचारलं की तो निघून जातो. "साध्या खिडकीला एवढ्यापासून एवढ्यापर्यंत, नेमका आकडा मापावर" असं सांगितलं की थांबतो.

तिसरा बदल नोंदीचा, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तोच.

कुठलं चॅट कुठल्या जाहिरातीचं, हे कळायला आधी सोपी युक्ती केली. जाहिरात बनवताना गिऱ्हाइकाच्या बाजूने आधीच टाइप होऊन येणारा मेसेज ठरवता येतो. त्यात अ साठी `#A1` आणि ब साठी `#B1` असं चिन्ह घातलं. तीन दिवसांत फसलं. बरेच लोक पाठवण्याआधी ते चिन्ह पुसून टाकत होते. अनोळखी चिन्ह पाहून कुणालाही शंका येणारच. मग चिन्ह काढून वाक्यच वेगळं केलं. अ साठी "सूट असलेल्या तयार पडद्यांची माहिती हवी आहे", ब साठी "मापाने पडदे शिवून हवे आहेत". वाक्य नैसर्गिक असल्यामुळे लोक ते तसंच पाठवतात, आणि ते वाचून जाहिरात कळते. कुणी बदललंच, तर अ‍ॅपमध्ये जाहिरातीवरून आलेल्या चॅटच्या सुरुवातीला त्या जाहिरातीची छोटी चौकट दिसते, त्यावरून पडताळता येतं.

त्याबरोबर एक साधी शीट. एका चॅटला एक ओळ: चॅटची तारीख, नंबरचे शेवटचे चार आकडे, जाहिरात, पहिल्या मेसेजची वेळ, पहिल्या मानवी उत्तराची वेळ, सध्याची पायरी, दिलेला भाव, आगाऊ मिळाल्याची तारीख, एकूण रक्कम. पायऱ्या पाचच: नवीन, माप आलं, भाव दिला, आगाऊ आली, बंद. याच नावांची लेबलं अ‍ॅपमध्ये केली, म्हणजे फोनवर लेबल बदललं की रात्री शीटमध्ये तेवढंच उतरवायचं. विक्री कशाला म्हणायचं यावर आमचा थोडा वाद झाला. "हो, करून टाका" म्हणणारे अनेक असतात आणि त्यातले बरेच पुढे गायब होतात. म्हणून ठरलं, आगाऊ रक्कम हातात आली तरच विक्री.

असे चार आठवडे गेले. ठरलेल्या वेळेतल्या पहिल्या उत्तराचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी वेळ, ४ मिनिटांवर आला. सरासरी मुद्दाम काढली नाही. एखादं चॅट रात्रभर राहिलं तरी सरासरी बिघडते आणि रोजचं चित्र झाकलं जातं. रात्री ८ नंतरच्या चॅटमध्ये फरक सर्वात ठळक होता. आधी ५२ पैकी १० जण पुढे बोलले होते; आता ९६ पैकी ५७. यात वेग आणि नवं पहिलं वाक्य दोन्ही एकदम बदलले होते, त्यामुळे श्रेय कुणाला किती द्यायचं ते या आकड्यांतून वेगळं करता येणार नाही.

जाहिरातींचं चित्र मात्र उलटं झालं.

| चार आठवडे | अ | ब |
|---|---|---|
| खर्च | २०० | २०० |
| अ‍ॅड्स मॅनेजरमधली चॅट | १९० | ९२ |
| खरी नवी चॅट | १५८ | ८१ |
| माप आलं | ४१ | ४४ |
| आगाऊ आली | ९ | १९ |
| ऑर्डरींची एकूण रक्कम | २७० | ९५० |

अ चं चॅट १.०५ ला पडलं, ब चं २.१७ ला. पण ऑर्डर पाहा: अ ची एक ऑर्डर २२ ला, ब ची साडेदहाला. त्यात आणखी एक पायरी पुढे जावं लागतं. कापड आणि शिलाई वजा केल्यावर या व्यवसायात विक्रीच्या सुमारे ४० टक्के हातात राहतात. अ च्या २७० मधून राहिले १०८, आणि जाहिरातीला गेले २००. म्हणजे जी जाहिरात स्वस्त दिसत होती ती दर महिन्याला खिशातून पैसे काढत होती. ब च्या ९५० मधून राहिले ३८०, जाहिरात वजा जाता १८०.

कारण चॅट वाचताना कळत होतंच. सूट लिहिलेल्या फोटोवर "किती?" विचारणं सोपं असतं, म्हणून विचारणारे खूप येतात, आणि ते भाव ऐकून जातात. मापाचा व्हिडिओ पाहून येणाऱ्याने मनात निम्मं ठरवलेलं असतं. पैसे जाहिरात दाखवण्याचे लागतात आणि ती कुणाला दाखवायची हे ठरवणाऱ्या फेसबुकच्या व्यवस्थेला आपण "जास्तीत जास्त संवाद" असं सांगितलेलं असतं, म्हणून ती चटकन मेसेज करणारी माणसं शोधून देते. विकत घेणारी शोधून द्यायला तिला आपण सांगितलेलंच नसतं.

या नोंदीत दोन ठिकाणी आम्ही जवळजवळ फसलो होतो. एक, तारखेचा घोळ. २८ ऑर्डरींपैकी ११ चॅटनंतर दोन दिवसांत आल्या, ९ त्याच आठवड्यात, आणि ८ आठवडा उलटल्यावर. तिसऱ्या आठवड्याच्या शनिवारी शीट पाहिली तर त्या आठवड्यातल्या ब च्या चॅटमधून फक्त २ ऑर्डरी दिसत होत्या आणि मालकीणबाई काळजीत पडल्या. त्याच आठवड्याच्या चॅटमधून तीन आठवड्यांनी ५ झाल्या. म्हणून ऑर्डर नेहमी चॅट सुरू झालेल्या आठवड्याच्या खात्यात टाकायची, पैसे आलेल्या आठवड्याच्या नाही, आणि निदान दोन आठवडे जुन्या गटावरच निर्णय घ्यायचा.

दुसरी फसगत नंबरांची. ब च्या १९ पैकी ३ ऑर्डरी दुकानात येऊन, नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नंबरवर नोंदवल्या गेल्या होत्या. शीटमध्ये ती चॅट "बंद" म्हणून पडून होती. तेव्हापासून पावती करताना एक प्रश्न ठरला: "आमच्याशी आधी चॅट झालं होतं का? कुठल्या नंबरवरून?" "आमच्याबद्दल कुठून कळलं?" या प्रश्नाला लोक काहीही उत्तर देतात, पण नंबर बरोबर सांगतात.

हे सगळं हाताने करायला रोज वीस-पंचवीस मिनिटं लागत होती. आठवड्याला साठेक नव्या चॅटपर्यंत ते जमतं. त्याहून वाढलं की व्हॉट्सअ‍ॅपच्या बिझनेस प्लॅटफॉर्मवर, म्हणजे अ‍ॅपऐवजी आपली संगणकप्रणाली थेट व्हॉट्सअ‍ॅपला जोडणाऱ्या एपीआयवर जाण्याचा विचार करावा लागतो. तिथे जाहिरातीवरून आलेल्या पहिल्या मेसेजबरोबर ही माहिती आपोआप येते:

```json
"referral": {
  "source_type": "ad",
  "source_id": "<AD_ID>",
  "headline": "<AD_HEADLINE>",
  "ctwa_clid": "<CLICK_ID>"
}
```

`source_id` वरून जाहिरात कळते. `ctwa_clid` ही त्या क्लिकची खूण. ती पहिल्या मेसेजबरोबर आली तेव्हाच साठवून ठेवायची. पुढच्या साध्या मेसेजांबरोबर ती येत नाही. आगाऊ मिळाली की तीच खूण जोडून `Purchase` ही घटना, विक्रीची खबर जाहिरात-व्यवस्थेला कळवणाऱ्या कन्व्हर्जन्स एपीआयने परत पाठवता येते, आणि मग अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये चॅटशेजारी विक्रीही दिसू लागते. मात्र तिथे शिस्त कडक आहे: गिऱ्हाइकाच्या शेवटच्या मेसेजला २४ तास उलटले की मोकळा मजकूर पाठवता येत नाही, आधी मंजूर करून घेतलेला साचाच पाठवावा लागतो. उशिरा उत्तर देणाऱ्याला तिथे फटका जास्त बसतो.

इथे आम्ही गेलो नाही. व्यवस्थेला विक्रीवरून शिकायला एका जाहिरात-संचाला, म्हणजे जाहिरातींच्या एका गटाला, आठवड्याला सुमारे ५० घटना लागतात, आणि आमच्याकडे ब च्या ऑर्डरी आठवड्याला पाचच्या आत होत्या. "माप आलं" ही त्याआधीची पायरी धरली तरी अकराच. इतक्या तुटपुंज्या माहितीवर तिला नवं ध्येय देऊन उपयोग नव्हता. त्यापेक्षा जाहिरातीनेच माणसं गाळून आणावीत म्हणून ब च्या व्हिडिओखाली भावाची सुरुवात कुठून होते ते लिहिलं. चॅट थोडी कमी झाली, माप देणाऱ्यांचं प्रमाण वाढलं.

अ बंद केली आणि तिच्या पैशांतले निम्मे ब ला दिले. पुढच्या दोन आठवड्यांत ब वर १५० खर्च होऊन ११ ऑर्डरी आल्या, म्हणजे एक ऑर्डर साडेतेराला. दर चढणार हे अपेक्षित होतं, कारण पैसे वाढवले की जाहिरात कमी उत्सुक माणसांपर्यंतही जाते. एका ऑर्डरमागे हातात राहतात २०, तेव्हा अजून परवडत होतं. पण शीटमध्ये दुसरंच काही दिसू लागलं: भाव दिल्यावर गप्प होणारे वाढले. चॅट उघडून पाहिली, तर भावावर कुणी अडत नव्हतं. "कधी मिळेल?" या प्रश्नाला आपलं उत्तर आठ दिवसांवरून चौदा दिवसांवर गेलं होतं. शिवणारा माणूस एकच होता. दुसरा कारागीर मिळेपर्यंत ब चा आठवड्याचा खर्च ६५ वर आणून ठेवला आहे.